बिलातला सर्व्हिस चार्ज, कार्डवरची टिप आणि पगार

प्रश्न: मी एका रेस्टॉरंटमध्ये कॅप्टन आहे. आमच्याकडे बिलात सर्व्हिस चार्ज लावतात. कार्डवर आलेली टिपसुद्धा काउंटरलाच जमा होते. महिनाअखेरीला आम्हाला त्यातून काहीतरी मिळतं, पण एकूण किती जमलं ते कुणी सांगत नाही. मालक म्हणतात, 'हे धरलं की तुमचा पगार किमान वेतनाच्या वर जातो.' शिवाय फुटलेल्या काचसामानाचे पैसे यातूनच कापतात. हे बरोबर आहे का? हा पैसा पगारात धरतात का?

उत्तर: किमान वेतन या पैशातून भरून काढता येत नाही, हे आधी सांगून टाकतो. बाकीच्याचं उत्तर थोडं वळणाचं आहे, कारण तुम्ही ज्याला 'हा पैसा' म्हणता तो एक नसून दोन वेगळे पैसे आहेत. एकाच डब्यात पडतात म्हणून ते एक वाटतात. मी बरीच वर्षं हॉटेलांची पगारपत्रकं आणि हिशेब पाहतो आहे. निम्मी भांडणं या गल्लतीतूनच होतात.

टेबलावर बिल गेलं, ग्राहकाने ते पाहिलं आणि मशीनवर कार्ड लावताना 'दोनशे जास्त घ्या' म्हणाला, तर ती टिप. तो पैसा त्याने तुमच्यासाठी दिला. मालकाच्या खात्यातून तो जातो, कारण मशीन मालकाचं आहे, एवढाच मालकाचा संबंध. सर्व्हिस चार्जचं तसं नाही. तो मालकाने स्वतःच्या बिलात छापलेला असतो, त्यावर जीएसटी लागतो आणि हिशेबात तो धंद्याच्या जमेत येतो. स्वेच्छेने दिलेल्या टिपेवर जीएसटी लागत नाही. नुसतं बिल हातात घेतलंत तरी फरक दिसेल. कराच्या ओळीच्या वर जे आहे ते मालकाने मागितलेलं, आणि बिलाच्या एकूण रकमेपेक्षा जास्त जे आलं ते ग्राहकाने आपण होऊन दिलेलं.

कार्डवरच्या टिपेबद्दल सर्वोच्च न्यायालयाचा एप्रिल २०१६ चा निकाल आहे, आयटीसी विरुद्ध आयकर आयुक्त असा. प्रश्न आयकराचा होता: हॉटेल कार्डवरची टिप गोळा करून कामगारांना वाटतं, मग हॉटेलने त्यावर पगारासारखा टीडीएस कापायला हवा का? दिल्ली उच्च न्यायालयाने २०११ मध्ये 'हो' म्हटलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने ते फिरवलं. ही रक्कम मालक आपल्या खिशातून देत नाही, ग्राहकाची रक्कम विश्वस्ताच्या नात्याने सांभाळतो आणि पुढे देतो. टिप मिळते ती ग्राहक खूश झाला म्हणून, नोकरीच्या करारामुळे नव्हे. त्यामुळे ती पगार नाही, आणि टीडीएस कापायची जबाबदारीही मालकावर नाही. कामगाराच्या हातात मात्र ती करपात्र आहे, 'इतर मार्गांनी मिळालेलं उत्पन्न' म्हणून. एक बारीक फरक लक्षात ठेवा: पगारावर जी प्रमाणित वजावट मिळते ती या रकमेवर मिळत नाही. तुमचं एकूण उत्पन्न करपात्र मर्यादेच्या आत असेल तर यातून फार काही बिघडत नाही, पण रिटर्न भरताना ती पगाराच्या रकान्यात टाकू नका.

सर्व्हिस चार्ज बिलात लावून नंतर कामगारांत वाटला, तर तो कर्मचारी राज्य विमा म्हणजे ईएसआय कायद्याखाली 'वेतन' धरायचा का, हा प्रश्नही सर्वोच्च न्यायालयापुढे आला होता, २००७ मध्ये क्वालिटी इन सदर्न स्टार या हॉटेलाच्या खटल्यात. तिथेही उत्तर 'वेतन नाही' असंच आलं. म्हणजे त्या कायद्याखाली ईएसआयची वर्गणी त्यावर बसत नव्हती.

आता वेतन संहिता, २०१९. ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आणि जुना वेतन प्रदान कायदा आणि किमान वेतन कायदा तिच्यात विरघळले. तिच्यातली वेतनाची व्याख्या लांबलचक आहे, पण तिचा कणा एकच आहे: नोकरीच्या अटी पाळल्या गेल्या तर, त्या नोकरीपोटी, तुम्हाला जे देणं लागतं ते वेतन. त्या अटी स्पष्ट ठरलेल्या असोत की गृहीत. टिपेचं नाव तिथे धरलेल्यांतही नाही आणि वगळलेल्यांतही नाही. त्यामुळे पुन्हा प्रश्न तोच येतो: पैसा कुणाचा आणि कशामुळे मिळतो?

यावरून तुमचा किमान वेतनाचा प्रश्न सुटतो. किमान वेतन देणं ही मालकाची जबाबदारी आहे आणि ती त्याच्या पैशाने पार पाडायची असते. समजा तुमच्या वर्गाला महिन्याला १४,००० रुपये किमान वेतन लागू आहे. (हा आकडा मी उदाहरणापुरता घेतलाय. तुमचा खरा आकडा राज्य सरकारच्या अधिसूचनेत, तुमच्या कौशल्याच्या वर्गापुढे आणि परिमंडळापुढे सापडेल.) मालक ११,५०० देतो आणि टिपेचे ३,८०० मिळवून म्हणतो, '१५,३०० झाले की!' नाही झाले. त्याच्याकडून ११,५०० च आले. २,५०० कमी पडले आणि ते दर महिन्याला कमी पडत राहिले. वर्षाचे तीस हजार. अमेरिकेत टिपेपोटी मालकाला किमान वेतनात सूट देण्याची पद्धत बऱ्याच राज्यांत आहे. आपल्या कायद्यात अशी सूट नाही. मालकाने ती इंटरनेटवर वाचून आणली असेल तर ती तिकडेच राहू द्या.

अशा कमी भरलेल्या वेतनाचा दावा संहितेखालच्या प्राधिकाऱ्याकडे करता येतो आणि त्याला तीन वर्षांची मुदत आहे. तिथे पगारपावती हाच मुख्य पुरावा असतो, म्हणून तुमची पावती नीट पाहा. मी तीन प्रकार पाहिलेत. पहिल्यात मूळ वेतन आणि महागाई भत्ता मिळून किमान वेतन पूर्ण होतं आणि टिपेचा हिशेब वेगळ्या कागदावर असतो. हे बरोबर. दुसऱ्यात 'सर्व्हिस चार्ज' किंवा 'इन्सेन्टिव्ह' अशी ओळ पावतीतच घुसवून एकूण आकडा किमान वेतनाच्या वर नेलेला असतो. तुमच्याकडे बहुधा हाच आहे. तिसरा सगळ्यात मजेशीर: किमान वेतन दाखवताना ती ओळ पगारात धरलेली, आणि भविष्यनिर्वाह निधीचा हिशेब करताना तीच ओळ गायब! एका मालकाला मी विचारलं होतं, 'अहो, हा पगार आहे की नाही ते एकदा ठरवा.' ते म्हणाले, 'दोन्ही.' असं चालत नाही. ती रक्कम त्याने पगार मानली तर पगाराची सगळी देणी तिच्यामागून येतात. पगार मानली नाही तर किमान वेतनातून ती बाहेर काढावी लागते.

पण ही तलवार दुधारी आहे, हे तुम्हालाही कळलं पाहिजे. टिप पगार नाही म्हटलं की मग ओव्हरटाइमचा दर, ग्रॅच्युइटी, निधीची वर्गणी, यांपैकी कशातही ती धरली जात नाही. पंधरा वर्षांनी नोकरी सोडाल तेव्हा ग्रॅच्युइटी पगारावरच निघेल, हातात येत होतं त्यावर नाही. शिवाय 'माझं वेतन थकलं' असा सरळ दावा टिपेच्या वाट्यासाठी करायला गेलात तर समोरचा वकील २०१६ चाच निकाल तुमच्यापुढे धरेल.

याला एक मोठा अपवाद आहे, तो म्हणजे तुमचं नेमणूकपत्र. सर्वोच्च न्यायालयाने टिप पगार नाही म्हटलं त्यामागचं एक कारण असं की, त्या कामगारांना मालकाकडून टिप मागण्याचा करारातला हक्क नव्हता. तुमच्या नेमणूकपत्रात किंवा संघटनेशी झालेल्या करारात 'जमा सर्व्हिस चार्जपैकी अमुक टक्के कर्मचाऱ्यांना दिला जाईल' असं लिहिलं असेल, तर बाजू बदलते. मग ती मेहेरबानी न राहता नोकरीची अट होते, आणि थकली तर मागता येते. ते पत्र आजच काढून वाचा. बरेच जण सही करून घेतात आणि दहा वर्षं उघडत नाहीत.

अशी अट नसेल तर कार्डवरच्या टिपेवर तुमचा दावा मजबूत आहे आणि सर्व्हिस चार्जवर कमकुवत. टिपेच्या बाबतीत मालक विश्वस्त आहे. सर्व्हिस चार्ज मात्र त्याच्या बिलाचा भाग आहे, आणि वाटण्याचं वचन त्याने कुणाला दिलं नसेल तर तो पूर्ण ठेवून घेण्यापासून त्याला सहज अडवता येत नाही. ग्राहकाला वाटतं की बिलातला सर्व्हिस चार्ज तुम्हाला गेला, म्हणून तो वेगळी टिप देत नाही. खरा तोटा इथे होतो.

त्यात सर्व्हिस चार्जचं स्वतःचंच भवितव्य डळमळीत आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ ला मार्गदर्शक सूचना काढल्या: बिलात सर्व्हिस चार्ज आपोआप लावायचा नाही, दुसऱ्या नावाने घ्यायचा नाही, आणि तो ऐच्छिक आहे हे ग्राहकाला सांगायचं. रेस्टॉरंटवाल्यांच्या संघटना दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या, स्थगिती मिळाली, आणि २८ मार्च २०२५ ला एकल न्यायमूर्तींनी त्यांच्या याचिका फेटाळल्या. त्यावर अपील झालं आहे. तुमच्या मालकाने उद्या सर्व्हिस चार्ज बंद केला तर तुमच्या हातातले तीन-चार हजार जातील, आणि पगाराचा आकडा मुळात कमी ठेवला असेल तर तेव्हा तो उघडा पडेल. पगार वाढवून मागायची वेळ ती आहे, नंतर नाही.

आता वाटपाकडे येऊ. चांगल्या ठिकाणी पॉइंटची पद्धत असते. प्रत्येक हुद्द्याला पॉइंट ठरलेले असतात, ते हजेरीच्या दिवसांनी गुणायचे, सगळ्यांची बेरीज करायची आणि जमलेल्या रकमेला त्या बेरजेने भागायचं. एका पॉइंटचा दर निघतो.

एक महिना करून दाखवतो. दोन कॅप्टन, प्रत्येकी १० पॉइंट. सहा वेटर, ८ पॉइंट. टेबल उचलणारे तीन हेल्पर, ५ पॉइंट. किचनमधले पाच, ४ पॉइंट. भांडी धुणारे दोन, ३ पॉइंट. एका दिवसाचे मिळून १०९ पॉइंट होतात. महिन्यात कामाचे २६ दिवस धरले तर २,८३४. एक वेटर गावी गेला होता, त्याचे १० दिवस म्हणजे ८० पॉइंट वजा. राहिले २,७५४. त्या महिन्यात डब्यात ८२,६२० रुपये जमले. भागाकार केला की दर ३० रुपये. पूर्ण महिना आलेल्या वेटरला ६,२४०, गावी गेलेल्याला ३,८४०, कॅप्टनला ७,८००, भांडी धुणाऱ्याला २,३४०. सगळ्यांची बेरीज करून पाहा, पुन्हा ८२,६२० येते. पैसाही इकडे तिकडे नाही.

किचनला वाटा द्यायचा की नाही, यावर मी शेकडो वाद ऐकलेत. माझं मत: द्यावा, पण कमी. ग्राहक वेटरचा चेहरा पाहून टिप देतो हे खरं आहे, पण ताट थंड आलं तर तो चेहरा कितीही हसरा असला तरी टिप येत नाही. कायदा याचं प्रमाण ठरवून देत नाही; ते तुम्हीच आपसांत ठरवायचं आहे.

कायदा ठरवत नाही म्हणूनच खालची गडबड होते. त्याच महिन्यात मॅनेजर साहेबांनी स्वतःला २० पॉइंट लावून घेतले असं समजा. त्यांचे २६ दिवसांचे ५२० पॉइंट मिळून बेरीज ३,२७४ होते आणि दर ३० वरून सुमारे २५ रुपये २४ पैशांवर येतो. वेटरच्या हातात ६,२४० ऐवजी ५,२५० च्या आसपास पडतात. प्रत्येक वेटरचे जवळजवळ हजार रुपये गेले आणि साहेबांच्या खिशात तेरा हजारांवर रक्कम गेली. कुणी बोलत नाही, कारण मागच्या महिन्यापेक्षा 'धंदा कमी झाला' हे कारण नेहमी तयार असतं.

हे ओळखायचं कसं? तुम्ही आणि एखादा हेल्पर, असे वेगळ्या हुद्द्याचे दोघं बसा. आपापली रक्कम आपापल्या पॉइंट आणि दिवसांच्या गुणाकाराने भागा. दोघांचा दर एकच आला तर वाटप तरी एका मापाने झालंय. वेगळा आला तर माप बदललंय. दर एकच आला पण एकूण पॉइंटने गुणल्यावर डब्यातल्या रकमेपेक्षा कमी भरत असेल, तर गळती वाटपाच्या आधीच झाली. आणि डब्यात किती होतं ते तुम्हाला कॅप्टन म्हणून बरंचसं कळू शकतं. रात्री बिलिंगच्या मशीनमधून दिवसाचा क्लोजिंग रिपोर्ट निघतो, त्यात सर्व्हिस चार्जची ओळ वेगळी छापलेली असते. ड्युटी संपवताना तो तुमच्या हातातून जात असेल तर रोजचा आकडा वहीत लिहून ठेवा.

कार्डवरची टिप त्या ओळीत सापडणार नाही, ती दुसरीकडे लपते. एका ठिकाणचे हिशेब तपासताना मला ती 'राउंड ऑफ'च्या खात्यात सापडली. बिल २,३४० चं, ग्राहकाने कार्डवर २,५०० लावायला सांगितले. बँकेकडून अडीच हजार आले, विक्री २,३४० ची. उरलेले १६० काउंटरवरच्या मुलाने राउंड ऑफला टाकले, कारण मशीन हिशेब जुळवून मागत होतं आणि दुसरा रकानाच नव्हता. राउंड ऑफ म्हणजे रुपयाच्या आतल्या सुट्या पैशांची गोष्ट. महिन्याला फार तर काही रुपये इकडेतिकडे व्हावेत. तिथे अकरा हजारांवर जमा होती. मालकाला खरंच माहीत नव्हतं, असं मला आजही वाटतं. त्यांच्या लेखी तो किरकोळ नफा होता आणि वेटरांच्या लेखी 'कार्डवाले हल्ली टिप देत नाहीत'. उपाय साधा होता: बिलिंगमध्ये टिपेसाठी वेगळा पेमेंट प्रकार उघडला, आणि त्याची रक्कम ताळेबंदात देणं म्हणून दिसू लागली. तुमच्याकडे कार्ड आणि यूपीआयची टिप कशाखाली नोंदवतात, हे काउंटरवाल्याला सहज गप्पांत विचारून पाहा.

राहिलं काचसामान. पगारातून नुकसानीची कपात करायला संहितेत अटी आहेत. वस्तू खास तुमच्या ताब्यात सोपवलेली हवी, नुकसान तुमच्या हलगर्जीपणाने झालेलं हवं, कापण्याआधी तुम्हाला म्हणणं मांडायची संधी द्यायला हवी, आणि नुकसानीपेक्षा जास्त कापता येत नाही. म्हणजे धावपळीत कुणाच्या तरी हातून फुटलेल्या ग्लासांचे पैसे सगळ्या स्टाफच्या पगारातून सरसकट कापता येत नाहीत. मालकांना हे माहीत असतं, म्हणून ते पगाराला हात लावत नाहीत आणि टिपेच्या डब्याला लावतात. डबा पगार नाही, त्यामुळे या कलमांचं संरक्षण त्याला थेट मिळत नाही. पण टिपेपुरतं उत्तर त्याच २०१६ च्या निकालात आहे: दुसऱ्याचा पैसा विश्वस्त म्हणून ठेवलाय, तर त्यातून स्वतःच्या धंद्याचा खर्च भागवायचा नसतो. फुटतूट हा धंद्याचा खर्च आहे. बिल न देता पळालेल्या ग्राहकाचे पैसे डब्यातून वळते करणं हाही तोच प्रकार. कार्ड मशीनची बँकेची वजावट प्रत्यक्ष झाली तेवढी टिपेतून गेली तर मी त्यावर भांडणार नाही, पण तिच्या नावाखाली सरसकट पाच टक्के कापत असतील तर बँकेचा दर दाखवा म्हणायचं.

मालकाशी बोलायला जाल तेव्हा एकटे जाऊ नका आणि पहिल्याच दिवशी थकबाकी मागू नका. एक पानभर नियम लिहून मागा: डब्यात काय काय जमा होतं, कुणाला किती पॉइंट, मॅनेजर आणि मालकाच्या घरचे त्यात आहेत की नाहीत, काय कापलं जाईल, कोणत्या तारखेला वाटप होईल, आणि वाटपाचा तक्ता भिंतीवर लागेल का. त्यावर मालकाची सही आणि स्टाफपैकी दोघांच्या सह्या. ब्रिटनमध्ये ऑक्टोबर २०२४ पासून टिप पूर्णपणे कामगारांना देणं आणि वाटपाचं लेखी धोरण ठेवणं कायद्याने बंधनकारक आहे. आपल्याकडे तसा कायदा नाही, म्हणून या सहीच्या कागदाला इतकं वजन. तो एकदा झाला की वाटा ही मालकाची मर्जी राहत नाही. काही मालक नेमकं याच कारणासाठी सही करायला कचरतात, कारण लेखी हक्क झाला की तो वेतनात मोजला जाण्याची वाट मोकळी होते. ती भीती अगदीच खोटी नाही. मग निदान कार्ड आणि यूपीआयच्या टिपेपुरता कागद तरी करून घ्या. तिथे त्यांचं स्वतःचं काहीच जात नाही.

त्या पानावर नोकरी सोडणाऱ्याची ओळ विसरू नका. नोकरी सुटल्यावर पगार दोन कामाच्या दिवसांत द्यावा लागतो, पण डब्याचा हिशेब महिना संपल्याशिवाय होत नाही. वीस तारखेला गेलेल्या मुलाचे वीस दिवसांचे पॉइंट तक्त्यात राहतील आणि त्याची रक्कम वाटपाच्या दिवशी त्याच्या खात्यात जाईल, असं स्पष्ट लिहा. नाहीतर ते पॉइंट बेरजेतून गुपचूप वगळले जातात, दर थोडा वाढतो, उरलेल्यांना बरं वाटतं आणि गेलेला मुलगा फोन करत राहतो.